खोट्या यंत्राची खरीखुरी जाहिरात

घरगुती वापराच्या एखाद्या अचाट यंत्राची जाहिरात अगदी गंभीर चेहऱ्याने करायची आणि शेवटी बारीक अक्षरांत ग्राहकाला अशक्य सूचना द्यायच्या, हा विडंबनाचा एक स्वतंत्र प्रकार आहे. त्यात खोटे असते ते फक्त यंत्र. निवेदकाचा आवाज, वाक्यांची घडण, किमतीची घोषणा, सोबत मिळणारी मोफत वस्तू आणि तळाशी छापलेल्या अटी हे सारे खऱ्या जाहिरातीतून जसेच्या तसे उचललेले असते. जाहिरात करणारा एकदाही हसत नाही आणि यंत्राबद्दल त्याला तिळमात्र शंका नसते. अमेरिकी टेलिव्हिजनवर हा प्रकार १९७० च्या दशकात भरभराटीला आला. तो तिथेच का फोफावला हे समजण्यासाठी आधी ज्या खऱ्या जाहिरातींची नक्कल झाली, त्यांच्याकडे पाहावे लागते.

शिकागोमधले सॅम्युअल पोपील स्वयंपाकघरातली छोटी यंत्रे तयार करत आणि त्यांचा मुलगा रॉन ती विकत असे. रॉन पोपील यांनी विक्रीचे धडे शिकागोच्या मॅक्सवेल स्ट्रीटवरच्या उघड्या बाजारात गिरवले. पुढे मोठ्या दुकानांत टेबल मांडून आणि नंतर टेलिव्हिजनवर त्यांनी हेच काम केले. १९६० च्या दशकात गाजलेले ‘व्हेज-ओ-मॅटिक’ हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध यंत्र. त्याला ना वीज लागे ना मोटर. पातळ पात्यांच्या दोन चौकटी, त्यांवर बटाटा किंवा कांदा ठेवायचा आणि वरचा भाग हाताने खाली दाबायचा, की चकत्या किंवा फोडी खाली पडत. यंत्र खरोखर चालत असे, हे मुद्दाम सांगायला हवे. आज त्याचा एक नमुना वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

पोपील यांची कला यंत्र बनवण्याइतकीच ते दाखवण्यात होती. हात सतत चालू, तोंड सतत चालू, आणि दोघांचा मेळ असा की वाक्य संपते तेव्हाच बटाट्याच्या फोडी खाली पडतात. या जाहिरातींचा एक ठरलेला क्रम होता. सुरुवातीला एक अडचण, आणि ती अशी की आजवर कुणाला ती अडचण वाटलीच नव्हती. मग यंत्राचे भारदस्त नाव. मग प्रात्यक्षिक, त्यानंतर एकच यंत्र किती कामे करते त्याची यादी. मग किंमत. आणि किंमत ऐकून प्रेक्षक विचार करू लागला, की ‘थांबा, अजून आहे’ म्हणून एखादी मोफत वस्तू. महाराष्ट्रात ज्यांनी लोकलच्या डब्यात, यात्रेत किंवा गृहोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनात गाजर किसणारा विक्रेता पाहिला आहे, त्यांना हा क्रम वेगळा समजावून सांगावा लागत नाही. तो गाजराची फुले करून दाखवतो, मग काकडीची माळ, मग त्याच पात्यावर लिंबू पिळतो. घरी आणल्यावर त्या पात्यातून गाजर जात नाही, पण त्याच्या हातात ते लोण्यासारखे जात असते.

असा क्रम लोकांना पाठ झाला, की त्याचे विडंबन शक्य होते. ज्या साच्याची प्रेक्षकाला ओळखच नाही, त्याची नक्कल कितीही हुबेहूब केली तरी ती विनोद म्हणून पोचत नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकात ही ओळख घरोघरी होती. ११ ऑक्टोबर १९७५ रोजी ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ हा विनोदी कार्यक्रम सुरू झाला आणि पहिल्याच भागापासून त्यात खोट्या जाहिराती होत्या. त्या खऱ्या जाहिराती जिथे येत तिथेच, म्हणजे दोन प्रवेशांच्या मध्ये दाखवल्या जात. पहिली काही सेकंदे प्रेक्षकाला आपण काय पाहत आहोत याचा पत्ता लागत नसे. ही जागेची निवड फार महत्त्वाची आहे. मासिकातली खोटी जाहिरातही जाहिरातींच्या पानावर, त्याच चौकटीत छापली तर तिचा परिणाम दुप्पट होतो. ‘विनोदी विभाग’ असे शीर्षक देऊन छापली तर निम्मा विनोद त्या शीर्षकातच सांडतो.

या प्रकारातला आद्य नमुना म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो १७ एप्रिल १९७६ च्या भागात आला. डॅन अ‍ॅक्रॉइड हा नट पोपील यांच्या थाटात टेबलामागे उभा राहिला आणि ‘बास-ओ-मॅटिक’ नावाचे यंत्र विकू लागला. बास हा अमेरिकेत गळाला लागणारा एक लोकप्रिय मासा. यंत्र म्हणजे साधा मिक्सर. त्यात अख्खा मासा, डोके-शेपटी-खवल्यांसकट, टाकायचा आणि बटण दाबायचे. मासा साफ करायचा नाही, कापायचा नाही, काही वाया जात नाही, हे सारे फायदे अ‍ॅक्रॉइडने एका दमात सांगितले, मासा खरोखर मिक्सरमध्ये फिरवला, आणि शेवटी लॅरेन न्यूमन या नटीने ते तपकिरी पातळ द्रव्य ग्लासातून पिऊन आनंदाने पसंतीची पावती दिली. मालवणकडच्या कुणा जाणत्या बाईने हे पाहिले असते तर मिक्सर उचलून खिडकीबाहेर फेकला असता.

या जाहिरातीत विनोदी म्हणावे असे वाक्य जवळजवळ नाही. अ‍ॅक्रॉइडच्या तोंडची वाक्ये भाजी कापण्याच्या यंत्रासाठी तशीच चालली असती. फक्त भाजीच्या जागी मासा आला आणि कापण्याच्या जागी पार चिखल करणे आले. एवढा एकच बदल करायचा आणि बाकी कशालाही हात लावायचा नाही, ही या प्रकाराची पहिली शिस्त. दुसरी शिस्त चेहऱ्याची. बोलणारा माणूस आपल्या मालावर मनापासून विश्वास ठेवतो. त्याला यंत्र विचित्र वाटले, तर प्रेक्षकाला वाटण्यासाठी काही उरत नाही.

मात्र बास-ओ-मॅटिकमध्ये शेवटच्या सूचना नव्हत्या. त्या भागाला स्वतंत्र महत्त्व आले ते पुढे, कारण खऱ्या जाहिरातींतही तो भाग हळूहळू वाढत गेला. ग्राहकांचे खटले, वस्तूच्या धोक्याची जबाबदारी आणि सरकारी नियम यांमुळे उत्पादकांना इशारे द्यावे लागू लागले. ते द्यायचे तर होते, पण कुणी नीट ऐकू नयेत अशीही इच्छा होती. त्यातून दोन युक्त्या निघाल्या: अक्षर बारीक करणे आणि आवाज भरधाव सोडणे. भारतात म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीच्या शेवटी बाजारातील जोखमीचे जे वाक्य पूर्वी एका श्वासात म्हटले जाई, ते याच घराण्यातले. तीस सेकंदांच्या जाहिरातीत सुखी कुटुंब, नवे घर, मुलीचे लग्न हे सगळे सावकाश दिसे, आणि पैसे बुडू शकतात ही बातमी मात्र धावत येऊन धावत जाई.

भारतात याला आता कायद्याचा लगाम आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांत अशा सूचनांसाठी वेगळे कलम आहे. दावा ज्या भाषेत केला असेल त्याच भाषेत सूचना हवी, दाव्याचे अक्षर असेल तसेच सूचनेचे हवे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सूचनेच्या आधाराने महत्त्वाची माहिती लपवता येणार नाही किंवा मुळातला फसवा दावा मागाहून सावरता येणार नाही. वर मोठ्या अक्षरांत ‘आयुष्यभर मोफत’ आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘पहिले तीन महिने’ असे लिहायला ही तत्त्वे मनाई करतात. विडंबनकाराला नेमका हाच विरोध हवा असतो. वरचा मोठा आवाज आणि खालचा लहान आवाज एकमेकांना खोटे ठरवत असतात, आणि ते दोन्ही एकाच कंपनीचे असतात.

या विरोधाचा सर्वोत्तम वापर ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’च्याच १९९१ मधल्या एका खोट्या जाहिरातीत झाला. जॅक हँडी यांनी लिहिलेल्या या जाहिरातीत ‘हॅपी फन बॉल’ नावाचा एक साधा रबरी चेंडू विकला जातो. मुले आनंदाने उड्या मारतात, किंमत सांगितली जाते आणि जाहिरात संपल्यासारखी वाटते. मग फिल हार्टमन यांच्या शांत, भरदार आवाजात इशारे सुरू होतात. गर्भवती स्त्रिया, वृद्ध आणि लहान मुलांनी फार वेळ चेंडूच्या सान्निध्यात राहू नये. चेंडू एकाएकी धोकादायक वेग घेऊ शकतो. आतल्या द्रवाला हात लावू नये, त्याचा वास घेऊ नये आणि त्याच्याकडे पाहूही नये. धूर येऊ लागल्यास आडोसा शोधून डोके झाकावे. चेंडूच्या घटकांमध्ये आकाशातून पडलेला एक चमकणारा अज्ञात पदार्थ आहे. आणि या चेंडूला चिडवू नये. जाहिरातीचा मोठा हिस्सा या इशाऱ्यांनीच व्यापला आहे. चेंडू काय करतो हे कुणी दाखवत नाही, आणि दाखवायची गरजही पडत नाही.

इशाऱ्यांच्या यादीतून हसू येते त्याचे कारण साधे आहे. कोणताही इशारा हा घडून गेलेल्या अपघाताचा पुरावा असतो. इस्त्रीच्या खोक्यावर ‘अंगावरचे कपडे इस्त्री करू नयेत’ असे छापलेले असेल, तर वाचकाच्या डोळ्यांसमोर लगेच एक माणूस उभा राहतो. म्हणून शेवटच्या सूचना म्हणजे उलटी सांगितलेली गोष्ट असते. तिच्यातल्या घटना कुणी सांगत नाही. सांगितली जाते ती फक्त त्यांच्यापासून घ्यायची खबरदारी, आणि घटना वाचक स्वतः रचतो. ‘चेंडूला चिडवू नये’ या वाक्यात चेंडूला राग येतो, तो कुणीतरी आणला होता, आणि त्याचे पुढे काय झाले हे कंपनीला ठाऊक आहे, एवढे सगळे दडलेले आहे. जाहिरातीचा वरचा भाग यंत्राची ओळख करून देतो आणि खालचा भाग त्याचा इतिहास सांगतो. ज्याला इतिहास लपवायचा आहे त्याच्याच तोंडून तो बाहेर पडतो, हे विशेष.

हे सर्व कागदावर कसे उतरते ते एका नमुन्यावरून पाहता येईल. नमुन्यासाठी अडचण निवडताना ती खरी, सर्वांच्या ओळखीची आणि अगदी क्षुल्लक असावी लागते. महाराष्ट्रात पोहे खाताना कढीपत्त्याची पाने बोटाने उचलून बशीच्या कडेला ठेवली जातात. याबद्दल कधी कुणी तक्रार केलेली नाही. म्हणजे अडचण योग्य आहे. आता त्यावरचा उपाय अडचणीच्या मानाने फार मोठा हवा. जाहिरात अशी होईल:

‘पोह्यांतला कढीपत्ता हाताने काढून तुम्ही थकला आहात का? बोटे तेलकट होतात, पोहे गार होतात आणि बशीच्या कडेचा पानांचा ढीग पाहून करणाऱ्याचे मन दुखावते. आता ही चिंता कायमची मिटली! सादर आहे, पत्तावेचक सुप्रीम. फक्त साडेअकरा किलो वजनाचे हे सुटसुटीत यंत्र ओट्यावर ठेवा, बशी खालच्या कप्प्यात सरकवा आणि हिरवे बटण दाबा. प्रत्येक पानाला अवघी चार मिनिटे! सोबतच्या जाळीने मोहरी वेगळी होते, शेंगदाणे आकारानुसार लावले जातात. उपमा, ढोकळा आणि आमटीसाठी स्वतंत्र जोड उपलब्ध. आमटीचा जोड वापरताना छत्री लागते. छत्री सोबत दिली जाते. सांगलीच्या एक गृहिणी म्हणतात, “आमच्याकडे आता पोहे दुपारी जेवणाच्या वेळी होतात, पण शपथेला पान सापडणार नाही.” किंमत फक्त ६,९९९ रुपये. आणि थांबा! आजच मागणी नोंदवणाऱ्यांना पत्ताघालक अगदी मोफत. पाने काढल्यावर पोह्यांना चव राहिली नाही असे वाटल्यास पत्ताघालक तीच पाने पुन्हा पोह्यांत घालतो.’

यानंतर, अर्ध्या आकाराच्या अक्षरात, सूचना:

‘पत्तावेचक फक्त खाद्यपदार्थांसाठी आहे. चालू यंत्राजवळ हिरव्या बांगड्या घालून जाऊ नये. घरातील कोथिंबीर फ्रिजमध्ये ठेवावी व फ्रिजला कुलूप लावावे. तुळशीवृंदावन यंत्राच्या नजरेआड असावे. बटण बंद केल्यानंतरही यंत्र काही काळ पाने शोधत राहणे स्वाभाविक आहे. अशा वेळी खोलीतून सावकाश बाहेर पडावे, धावू नये. विडा खाल्लेल्या व्यक्तीने यंत्रासमोर तोंड उघडू नये. दसऱ्याला सोने घेऊन येणाऱ्या पाहुण्यांना जिन्यातच थांबवावे. यंत्र पहाटे अंगणात आढळल्यास त्याला हाक मारू नये. सोसायटीच्या बागेची जबाबदारी कंपनीवर राहणार नाही. पत्तावेचक व पत्ताघालक एका खोलीत ठेवू नयेत. ठेवल्यास मध्ये पडू नये. सांगलीच्या ग्राहक भगिनींचा अभिप्राय खरेदीनंतरच्या पहिल्या आठवड्यातील असून त्यानंतर त्यांच्याशी संपर्क होऊ शकलेला नाही. हमी एक वर्षाची आहे. कंपनी त्याआधी बंद होणार आहे.’

या नमुन्यात वरचा भाग आणि खालचा भाग वेगवेगळी कामे करतात. वरच्या भागात वेडेपणा फक्त आकड्यांत आणि जोडांत आहे. साडेअकरा किलोला ‘सुटसुटीत’ आणि चार मिनिटांना ‘अवघी’ म्हटले आहे, म्हणजे विशेषणे खऱ्या जाहिरातीतलीच, फक्त ती चुकीच्या आकड्यांना चिकटवली आहेत. छत्रीचा उल्लेख एका वाक्यात येऊन जातो आणि तिचे कारण सांगितले जात नाही. गृहिणीच्या अभिप्रायात तक्रार आणि कौतुक एकच झाले आहे, पण ती बाई समाधानी आहे. जाहिरातीतला सुखी ग्राहक नेहमी असाच असतो.

खालच्या भागात मात्र एकच नियम चालतो. हे यंत्र पान ओळखत नाही, ते हिरवे काय आहे एवढेच पाहते. हा नियम कुठेही सांगितलेला नाही, पण बांगड्या, कोथिंबीर, तुळस, विडा आणि आपट्याची पाने ही सारी त्याच नियमातून येतात. त्यामुळे वाचक दुसऱ्या-तिसऱ्या सूचनेलाच यंत्राचा स्वभाव ओळखतो आणि पुढच्या सूचनेची वाट पाहू लागतो. सूचनांचा क्रमही ठरलेला आहे. पहिली सूचना अगदी साधी, कोणत्याही मिक्सरच्या पुस्तिकेत शोभावी अशी. मग घरातल्या वस्तू, मग घरातली माणसे, मग पाहुणे, मग अंगण आणि शेवटी सोसायटीची बाग. यंत्राचा पल्ला प्रत्येक वाक्यात थोडा वाढतो. भाषा मात्र वाढत नाही. ‘स्वाभाविक आहे’, ‘जबाबदारी राहणार नाही’, ‘संपर्क होऊ शकलेला नाही’ ही कार्यालयीन वाक्ये शेवटपर्यंत त्याच शांतपणे येतात. कंपनीला या सगळ्यात वावगे काही दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणूनच ते भीतिदायक होते.

सांगलीच्या बाईंचा शेवटी पुन्हा येणारा उल्लेख हा कारागिरीचा भाग आहे. वरच्या भागात नुसता शोभेला ठेवलेला तपशील खाली आल्यावर वेगळा अर्थ घेतो, आणि पत्ताघालकही तसाच. अशा दोन-तीन गाठी पुरतात. प्रत्येक तपशील परत आणला तर वाचकाला पुढचे आधीच कळू लागते आणि मजकूर गणितासारखा वाटतो.

हा प्रकार बिघडतो तो बहुधा चार ठिकाणी, त्यांपैकी पहिला बिघाड सर्वांत जास्त आढळतो: लेखक मध्येच डोळा मारतो. ‘हे अजब यंत्र’, ‘तुमचा विश्वास बसणार नाही असे’, ‘डोके चक्रावून टाकणारे’ असे शब्द आले, की कंपनीच्या जागी लेखक बोलू लागतो. उद्गारचिन्हांची गर्दीही त्याचेच लक्षण. खऱ्या जाहिरातीत उद्गारचिन्हे असतात, पण ती किंमत आणि फायद्यांजवळ असतात. सूचनांमध्ये ती एकही नसते. मजकूर तपासण्याची सोपी रीत अशी: यंत्राचे नाव काढून त्या जागी ‘मिक्सर’ घालून वाचावे. वाक्याचा सूर तसाच टिकला तर ठीक; वाक्य एकदम विनोदी वाटू लागले तर ते लेखकाचे वाक्य आहे, ते काढून टाकावे.

दुसरा बिघाड नियमहीन वेडेपणाचा. पत्तावेचकाच्या सूचनांमध्ये ‘यंत्र मंगळावर नेऊ नये’ किंवा ‘यंत्राला हत्ती आवडतात’ असे लिहिले तर क्षणभर हसू येईल, पण हिरव्याचा धागा तुटेल आणि पुढच्या वाक्यावर वाचकाचा विश्वास राहणार नाही. काहीही होऊ शकते अशा जगात कशाचेच आश्चर्य वाटत नाही. तिसरा बिघाड लांबीचा. सूचनांची संख्या दहा-बाराच्या पुढे गेली की त्या यादी वाटू लागतात. हॅपी फन बॉलच्या सूचना तशा पुष्कळ आहेत, पण त्या ऐकायच्या आहेत आणि हार्टमन यांचा आवाज त्यांना चाल देतो. कागदावर तो आधार मिळत नाही.

चौथा बिघाड लेखकाच्या हातात नसतो. कधीकधी वास्तव विनोदाला गाठते. ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’च्या पहिल्याच भागात तीन पात्यांच्या दाढीच्या रेझरची खोटी जाहिरात होती. त्या आधी १९७१ मध्ये जिलेटने दोन पात्यांचा रेझर आणला होता आणि तिसरे पाते ही त्यावरची थट्टा होती. १९९८ मध्ये त्याच कंपनीने तीन पात्यांचा ‘मॅक थ्री’ बाजारात आणला आणि तो जगभर खपला. २००६ मध्ये पाच पाती आली. १९७५ ची ती जाहिरात आज एखाद्या तरुणाला दाखवली, तर त्यात हसण्यासारखे काय आहे असे तो विचारील. कुकरच्या शिट्ट्या मोजणारे यंत्रही एकेकाळी चांगला विनोद ठरला असता. आता ते विकत मिळते.

कायद्याच्या अंगानेही या प्रकाराला एक सीमा आहे, आणि ती एका अमेरिकी खटल्यात आखली गेली. १९९० च्या दशकाच्या मध्यावर पेप्सीने गुण जमवून वस्तू मिळवण्याची योजना काढली. तिच्या टेलिव्हिजन जाहिरातीत टी-शर्ट आणि चामडी जाकीट यांच्यासाठी लागणारे गुण दाखवल्यानंतर एक शाळकरी मुलगा लढाऊ हॅरियर जेट विमानातून शाळेत उतरतो, आणि पडद्यावर त्या विमानाचे ७० लाख गुण दिसतात. बाकीच्या वस्तू खऱ्या होत्या, विमान थट्टेचे होते, पण सूर दोन्हींसाठी सारखाच होता आणि खाली कसलीही सूचना नव्हती. योजनेच्या नियमांत गुण विकत घेण्याची सोय होती, एका गुणाला १० सेंट. जॉन लेनर्ड या तरुणाने हिशेब केला, गुंतवणूकदार जमवले, आणि १५ गुण व सुमारे ७ लाख डॉलरचा चेक पाठवून विमान मागितले. विमानाची किंमत दोन कोटी डॉलरच्या वर होती. पेप्सीने नकार दिला आणि प्रकरण न्यायालयात गेले.

१९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात न्यायाधीश किंबा वूड यांनी पेप्सीच्या बाजूने निकाल दिला. कोणताही समंजस माणूस ही जाहिरात म्हणजे विमान देण्याचे वचन आहे असे मानणार नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. ते ठरवताना न्यायालयाला ही जाहिरात विनोदी का आहे याची कारणे निकालपत्रात गंभीरपणे लिहून द्यावी लागली: शाळेत जायला लढाऊ विमान वापरणे व्यवहार्य नाही, ते शाळेच्या आवारात उतरवल्यास काय होईल, वगैरे. हे निकालपत्र वाचताना ते न्यायालयाचे आहे की विडंबनकाराचे, असा प्रश्न पडावा इतका त्याचा सूर सरळ आहे.

दिवाळी अंकासाठी किंवा महाविद्यालयाच्या नियतकालिकासाठी असे काही लिहिणाऱ्याने या खटल्यातून घ्यायची खबरदारी थोडीच आहे. खऱ्या कंपनीचे नाव वापरू नये, खरा दूरध्वनी क्रमांक किंवा पत्ता छापू नये, आणि यंत्र असे निवडावे की ते खरोखर मागवण्याची कुणाला इच्छा होणार नाही. पेप्सीची चूक होती ती इथे. तिने खोटी वस्तू खऱ्या वस्तूंच्या रांगेत ठेवली, आणि ती वस्तू हवीहवीशी होती. नंतर कंपनीने तीच जाहिरात दुरुस्त करून पुन्हा दाखवली. तीत विमानाचे गुण ७० लाखांवरून ७० कोटी केले होते, आणि खाली ‘ही फक्त गंमत आहे’ अशा अर्थाची एक ओळ टाकली होती.